संक्रांतीचं हळदीकुंकू : कोपरा मांडायचा कसा?

हळदीकुंकवाची सजावट दारातून बघताना देखणी वाटते, पण तिची खरी परीक्षा संध्याकाळी साडेसहाला होते. त्या सुमारास आठ-दहा जणी एकदम येतात. यजमानीण एकीला कुंकू लावत असते, अत्तरदाणी दुसऱ्याच टेबलावर राहिलेली असते, वाणाची पिशवी आतल्या खोलीत असते आणि दारात चपलांचा ढीग पडलेला असतो. फुलं कितीही सुंदर असली तरी अशा वेळी ती कुणाच्या नजरेत भरत नाहीत. म्हणून या लेखात कोपरा मांडताना एकच कसोटी धरली आहे: यजमानणीला जागेवरून हलावं लागू नये आणि आलेल्या बाईला घाई केल्यासारखं वाटू नये. फुलं, तबकं, बसायची सोय आणि वाण या चारही गोष्टी त्याच कसोटीवर ठरवायच्या.

उदाहरणासाठी नेहमीचा फ्लॅट घेऊ. साधारण दहा बाय चौदा फुटांची बैठकीची खोली, चाळीस जणींना आमंत्रण आणि वेळ पाच ते आठ. दिवस संक्रांत ते रथसप्तमी यांमधला. संक्रांत 14 किंवा 15 जानेवारीला ठरलेली, पण रथसप्तमी माघ शुद्ध सप्तमीला असल्यामुळे हा काळ दर वर्षी कमी-जास्त होतो. 2026 मध्ये संक्रांत 14 जानेवारीला आणि रथसप्तमी 25 जानेवारीला होती, म्हणजे दोन आठवडेही मिळाले नाहीत. अशा आखूड वर्षी शनिवार-रविवारी एकाच सोसायटीत तीन-तीन घरी हळदीकुंकू असतं आणि बायका एका घरून दुसऱ्या घरी गटानेच जातात. तेव्हा गर्दी आणखी एकवटते हे लक्षात ठेवून मांडणी करावी.

आधी थोडा हिशोब

एका बाईला हळद, कुंकू, अत्तर, गुलाबपाणी, फूल, तिळगूळ, ओटी आणि वाण हे सगळं नीट, दोन शब्द बोलत द्यायला अडीच ते तीन मिनिटं लागतात. चाळीसपैकी निम्म्या जणी सहा ते सात या तासात येतील असं धरलं, तर वीस गुणिले तीन म्हणजे साठ मिनिटं होतात. तो तास काठोकाठ भरला. एखादी लांबची मावशी आली, चार गप्पा झाल्या, कुणी उखाणा घेतला की रांग लागलीच. एकटीने सगळं करायचं ठरवलं तर कोपरा तुंबतो तो इथे.

यावर उपाय म्हणजे काम दोघींत वाटून घ्यायचं. हळद, कुंकू, अत्तर आणि गुलाबपाणी यजमानणीकडे, तर फूल, तिळगूळ, ओटी आणि वाण मुलीकडे, जावेकडे किंवा शेजारणीकडे. यजमानीण दुसरीकडे वळते तेव्हा पहिलीची ओटी शेजारी चाललेली असते, आणि एकीमागे यजमानणीचा दीड मिनिटच जातो. कोपऱ्याची सगळी रचना या दोन जागांभोवती करायची आहे.

कोपरा कुठला?

दारासमोरची भिंत बहुतेक घरांत सगळ्यात मोकळी असते, म्हणून सजावट तिथे करायचा मोह होतो. पण तिथे मांडलं की येणारी आणि जाणारी दोघी कोपऱ्यासमोरच एकमेकींना आडव्या येतात. दारातून आत आल्यावर बाजूला पडणारा, स्वयंपाकघराच्या वाटेवर नसलेला कोपरा निवडावा. पाहुणी आली, कोपऱ्यात हळदीकुंकू झालं, मग बैठकीकडे गेली आणि तिथून थेट दाराकडे, अशी एकाच दिशेची वाट पडली की खोली मोठी वाटते.

मागे खिडकी असलेला कोपरा टाळावा. पाच वाजता उजेड मागून येतो, त्यामुळे पाहुणीचा चेहरा काळवंडतो, फोटो बिघडतो आणि कपाळावर हळद नेमकी कुठे लागली हेही दिसत नाही. दिवा पाहुणीच्या समोरून, थोडा वरून पडणारा हवा. पंख्याचंही आधीच बघून घ्यावं. डोक्यावरचा पंखा सुरू असला तर हळद उडते, निरांजन विझतं आणि पाकळ्यांची रांगोळी खोलीभर होते. जानेवारीत पंखा बंद ठेवता येतो, पण गर्दी झाली की कुणीतरी बटण दाबतंच, म्हणून कोपरा पंख्याच्या थेट खाली नको.

कोपऱ्यात पाहुणीसाठी एक खुर्ची, पाठ सजावटीकडे. खुर्ची बिनहाताची असावी, कारण हातांच्या खुर्चीत ओटीसाठी पदर पसरता येत नाही. यजमानीण समोर उभी राहिली की तिचा उजवा हात पाहुणीच्या डाव्या बाजूला येतो. म्हणून तबकांचं टेबल पाहुणीच्या डावीकडे ठेवायचं, आणि मदतनीस त्या टेबलाच्या पलीकडे. टेबल उजवीकडे ठेवलं तर यजमानीण दर वेळी पाहुणीच्या अंगावरून हात नेते आणि कधी ना कधी कुंकवाची कोयरी साडीवर सांडते. खुर्चीसमोर तीन फूट जागा पूर्ण मोकळी हवी. तिथे उरळी, रांगोळी, समई काहीही मांडायचं नाही.

उंचीचा मेळ हाही इथलाच मुद्दा. पाहुणी पाटावर बसणार असेल तर तबक चौरंगावर आणि यजमानीणही खाली बसलेली हवी. पाहुणी खुर्चीवर असेल तर टेबल साधारण अठ्ठावीस इंच उंचीचं आणि यजमानीण उभी. खुर्चीशेजारी चौरंग ठेवला की तो दिसतो छान, पण यजमानणीला चाळीस वेळा कमरेत वाकावं लागतं. गुडघेदुखीच्या बायका बऱ्याच असतील तर सरळ खुर्ची आणि टेबल घ्यावं. पाट-चौरंगाची हौस देवासमोरच्या सुगडांच्या मांडणीत भागवता येते.

मागची सजावट

मागे लावायला घरातली काठापदराची साडीच सगळ्यात छान दिसते. सहावारी साडीची लांबी साधारण साडेपाच मीटर आणि पन्हा सव्वा मीटरच्या आतबाहेर असतो. साडेसहा फुटांवर पडद्याची दांडी किंवा घट्ट बांधलेली जाड सुतळी घ्यावी, साडी तिच्यावरून अशी टाकावी की पदर पुढच्या बाजूला जमिनीपर्यंत येईल आणि उरलेली साडी मागे घडी होऊन लटकेल. खुर्चीच्या मागे जवळपास चार फूट रुंदीचा पूर्ण पदर दिसतो आणि तेवढा पुरतो. दोन्ही बाजू भराव्याशा वाटल्या तर खणाचे कापड किंवा साधा एकरंगी दुपट्टा घ्यावा, दुसरी जरीची साडी नको, दोन काठ एकमेकांना मारतात. रेशमी साडीला टाचण्या लावू नयेत, भोकं राहतात. कपड्यांचे चिमटे लावायचे आणि चिमट्याखाली रुमालाची घडी ठेवायची.

थर्माकोलचं मखर किंवा अक्षरं नकोत. महाराष्ट्रात 2018 पासून सजावटीच्या थर्माकोलवर आणि प्लॅस्टिकच्या हातपिशव्यांवर बंदी आहे. त्याऐवजी संक्रांतीला शोभतील असे कागदी पतंग किंवा हलव्याचे दागिने एका छोट्या पाटावर मांडून ठेवता येतात.

सुगडं कोपऱ्यात ठेवायची असली तर ती टेबलावर किंवा रेशमी कापडावर थेट ठेवू नयेत. मातीचा आणि वरच्या रंगाचा डाग कापडाला लागतो, आणि आत ओले हरभरे, ऊस असल्यावर तळाशी ओलही येते. खाली पितळी ताट किंवा पत्रावळ घ्यावी.

समई आणि निरांजनाबद्दल मात्र जरा कडक राहावं. संक्रांतीला काळ्या साड्या नेसतात, त्यातल्या कितीतरी जॉर्जेट किंवा इतर कृत्रिम धाग्याच्या असतात, पदर मोकळा असतो आणि बाई नमस्काराला वाकते. पेटती वात पदराच्या वाटेत असता कामा नये. समई खुर्चीपासून आणि मागच्या साडीपासून किमान दोन फूट लांब, भिंतीकडे आणि स्थिर पाटावर हवी. हळदीकुंकवाच्या तबकात पेटतं निरांजन ठेवून ते चाळीस वेळा इकडून तिकडे करण्यात काही अर्थ नाही. ओवाळायचं असेल तेव्हाच ते हातात घ्यावं आणि पुन्हा भिंतीकडे ठेवावं.

फुलं: किती आणि कधी

जानेवारीत झेंडू, शेवंती, निशिगंध आणि गुलाब भरपूर मिळतात. मोगऱ्याचा हंगाम उन्हाळ्याचा, त्यामुळे या दिवसांत मोगऱ्याचा गजरा महाग पडतो आणि फूलही बारीक मिळतं. पाहुणीला द्यायला गुलाबाचं सुटं फूल किंवा शेवंतीची छोटी वेणी जास्त बरी. वेण्या हव्या असतील तर फुलवाल्याला आदल्या दिवशी आकडा सांगून ठेवावा लागतो, सकाळी मागितल्या तर मिळतील याचा भरवसा नाही.

माळांचा हिशोब असा करायचा. मागच्या साडीच्या दोन्ही बाजूंना चार-चार फूट आणि वर आडवी चार फूट अशी बारा फूट माळ लागते. फुलं लहान-मोठी येतात म्हणून किलोवरून अंदाज करण्यापेक्षा हाताच्या एका वितेएवढी माळ ओवून फुलं मोजावीत. मध्यम झेंडू आडवा ओवला तर वितेत पाच-सहा फुलं बसतात. बारा फुटांत साधारण सोळा-सतरा विती होतात, म्हणजे शंभराच्या आसपास फुलं. दाबलेली, काळी पडलेली बाजूला काढून आणि रांगोळीच्या पाकळ्या धरून दीड किलो झेंडू पुरतो. गुलाबाची फुलं चाळीस जणींसाठी पन्नास आणावीत. पाच-सहांच्या पाकळ्या गळतात आणि देवालाही लागतात.

झेंडू आदल्या संध्याकाळी आणला तरी चालतो, पण आणल्याबरोबर पिशवीतून काढून वर्तमानपत्रावर पसरायला हवा. पिशवीत बांधून ठेवलेला झेंडू स्वतःच्याच ओलाव्याने आतून तापतो आणि सकाळी देठाकडून काळा निघतो. ओवलेल्या माळेवर टवटवीतपणासाठी पाणी शिंपडण्याची सवय असते, ती झेंडूला मानवत नाही. दाट पाकळ्यांत पाणी अडकून त्या सडतात. गुलाबाचं उलट आहे. त्याचे देठ तिरके कापून पाण्यात उभे ठेवायचे आणि चार वाजता बाहेर काढून दीड-दोन इंच देठ ठेवून बाकीचा कापायचा. काटे तेव्हाच खरवडून टाकावेत. देठच नसेल तर फूल केसांत टिकत नाही आणि पाहुणी ते हातात धरून बसते. फुलांच्या ताटात एका वाटीत वीस-पंचवीस पिना ठेवल्या की काम भागतं.

पाकळ्यांची रांगोळी खुर्चीसमोर न काढता टेबलाच्या पायथ्याशी किंवा दाराच्या बाहेर काढावी. गुळगुळीत लादीवर ओल्या पाकळीवरून पाय घसरतो. पाण्याची उरळीही भिंतीला लागून, लहान मुलं आणि पदर पोचणार नाहीत अशी.

तबकांची मांडणी

टेबलावर दोन तबकं लागतात. पहिलं यजमानणीच्या हाताशी. त्यात हळदीची आणि कुंकवाची कोयरी, अत्तरदाणी, गुलाबदाणी आणि घडी घातलेला कोरडा रुमाल. पंचपाळं असलं तर फारच छान, पण त्याचे कप्पे जवळजवळ असतात, त्यामुळे हळदीत कुंकू पडणं जास्त. चाळीस जणींसाठी दोन वेगळ्या कोयऱ्या किंवा दोन छोटे करंडे जास्त सोयीचे.

हळद आणि कुंकू प्रत्येकी पन्नास ग्रॅम भरपूर होतं. कोयरी अर्धीच भरायची. काठोकाठ भरली की बोट बुडवताना पावडर बाहेर पडते आणि तासाभरात तबक दोन रंगांनी माखतं. पावडर बारीक चाळणीतून गाळून घ्यावी, खडे राहिले तर ते कपाळावरून गळून पापणीवर येतात. कुंकू नवीन असेल तर दोन दिवस आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघावं. खाज आली किंवा त्वचा लाल झाली तर दुसरं आणावं, चाळीस कपाळांचा प्रश्न आहे.

हळद आधी, मग कुंकू, आणि दोन्ही अनामिकेने. इथे एक बारीकशी अडचण हमखास येते. कुंकू लावलेलं बोट पुढच्या बाईच्या वेळी हळदीत जातं आणि दहाव्या-बाराव्या बाईपर्यंत हळद नारिंगी होते. तबकातला रुमाल याचसाठी आहे: प्रत्येकीनंतर बोट पुसायचं. रुमाल कोरडाच हवा, ओल्या बोटाने पावडरीच्या गुठळ्या होतात. टिकली लावलेली असेल तर हळदीकुंकू टिकलीच्या किंचित वर लावावं, टिकलीवर लावलं तर ते तिथे धरत नाही. पाहुणीही उलट यजमानणीला हळदीकुंकू लावते, तेव्हा तबक तिच्याकडे सरकवायला जागा हवी. टेबल खुर्चीपासून हातभर अंतराच्या आत ठेवायचं हेही एक कारण.

गुलाबपाणी हळदीकुंकवानंतरच, आणि तेही खांद्यापाशी, चेहऱ्यावर नको. ओल्या कपाळावर कुंकू ओघळतं. गुलाबदाणीची भोकं बारीक असतात. वर्षभर कपाटात राहिलेल्या दाणीची भोकं धुळीने बुजलेली असतात, तेव्हा सकाळीच ती कोमट पाण्याने धुऊन सुईने मोकळी करावी आणि दोन तृतीयांशच भरावी. पूर्ण भरली तर शिंपडण्याऐवजी धार लागते. अत्तर हाताच्या मागच्या बाजूला, तळव्याकडे नको, पुढे त्याच हाताने तिळगूळ घ्यायचा असतो. फाया अत्तरदाणीत बुडवून जेमतेम टेकवावा. रेशमावर अत्तराचा तेलकट डाग पडतो.

दुसरं तबक मदतनिशीच्या बाजूला. त्यात फुलं, तिळगूळ आणि हलवा. तिळाचे लाडू एकावर एक रचले की गुळाने चिकटतात, म्हणून प्रत्येक लाडू छोट्या कागदी वाटीत ठेवावा. चाळीस जणींसाठी साठ लाडू करावेत, बऱ्याच जणींबरोबर मुलं येतात. तबकात एका वेळी पंधराच मांडायचे आणि बाकीचे झाकणाच्या डब्यात. हलव्याला ओल लागली की काटा विरघळून तो चिकट होतो, त्यामुळे तो लहान वाटीत आणि गुलाबदाणीपासून लांब.

ओटी

संक्रांतीच्या ओटीत हरभऱ्याचे घाटे, बोरं, उसाचे करवे, गाजराचे तुकडे, भुईमुगाच्या शेंगा आणि घरच्या रीतीप्रमाणे गहू किंवा तांदूळ असतात. चाळीस ओट्यांना, एकीला पाच-सहा बोरं धरली तर दोन ते अडीच किलो बोरं लागतात. घाटे दोन किलो, गाजर सव्वा-दीड किलो. ऊस एक चांगला लांब असला की पुरतो. तीन-तीन इंचांचे तुकडे करून प्रत्येकाचे चार उभे भाग केले की एका उसाचे ऐंशीच्या आसपास करवे होतात. धान्य मूठभर द्यायचं तर अडीच-तीन किलो आणि ओंजळभर द्यायचं तर त्याच्या दुपटीपेक्षा जास्त लागतं. हे आधी ठरवून घ्यावं, नाहीतर पहिल्या वीस जणींना ओंजळ आणि पुढच्यांना चिमूट असं होतं.

बोरं आणि गाजर सकाळी धुऊन पंचावर पसरून पूर्ण कोरडी करायची. ओली बोरं रेशमी पदरात पडली की पाण्याचे डाग उठतात. ऊस मात्र दुपारी तीननंतरच कापायचा आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचा, सकाळी कापलेला संध्याकाळपर्यंत काळा पडतो.

सगळं एका मोठ्या परातीत मिसळून ठेवणं सोपं वाटतं, पण मग जड बोरं तळाला जातात आणि शेवटी नुसती बोरं उरतात. मदतनिशीने आधीच एकेक ओटी छोट्या वाट्यांत काढून ठेवली तर हे होत नाही. दहा वाट्या पुरतात. रिकामी झाली की भरायची. बऱ्याच मुली आता ड्रेसवर येतात, त्यांच्याकडे ओढणीही नसते. त्यांच्यासाठी कागदी पुडे जवळ ठेवावेत.

वाण

वाणाची वस्तू कुठली याची चर्चा खूप होते, पण मांडणीच्या दृष्टीने बघायचं ते एवढंच: ती एकात एक बसते का, हातात ओटी आणि फूल असताना धरता येते का, आणि तीन घरं फिरून घरी जाईपर्यंत टिकते का. स्टीलची वाटी, गाळणी, छोटी डबी, कापडी पिशवी, खणाचा बटवा या वस्तू तिन्ही गोष्टींत बसतात. काचेची बरणी देखणी असते पण एका फेरीत दोन-तीन फुटतात. रोपं द्यायची असली तर त्यांना आदल्या दिवशी सकाळी पाणी द्यावं, त्या दिवशी नाही. ओल्या कुंडीतला चिखल पिशवीतून साडीवर झिरपतो.

चाळीस आमंत्रणांना अठ्ठेचाळीस वाणं घ्यावीत. पहिलं देवाला, एक तुळशीला, दोन-तीन न सांगता पाहुणीबरोबर आलेल्यांना आणि बाकीची ज्यांना येता आलं नाही त्यांच्या घरी पाठवायला. पुण्यात तुळशीबाग आणि बोहरी आळी, मुंबईत भुलेश्वर आणि क्रॉफर्ड मार्केट इथे डझनाने घेतलं तर स्वस्त पडतं, पण संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात तिथे उभं राहायला जागा नसते आणि पसंतीच्या वस्तूचे अठ्ठेचाळीस नग एकाच दुकानात मिळत नाहीत. डिसेंबरच्या अखेरीस जावं. घरी आल्यावर प्रत्येक नग उघडून बघावा. डझनाच्या गठ्ठ्यात एखादी वाटी पोचलेली, एखादी डबी न लागणारी निघतेच, आणि ती नेमकी चिडवणाऱ्या वहिनींच्या हाती जाते.

अठ्ठेचाळीसही वाणं टेबलावर रचायची नाहीत. बारा बाहेर, बाकीची मदतनिशीच्या मागे टोपलीत. वाण कागदी किंवा कापडी पिशवीत आधीच घालून ठेवावं आणि ती पिशवी सगळ्यात शेवटी द्यावी, म्हणजे हातातली ओटी आणि तिळगूळ त्याच पिशवीत जातात. ओल्या करव्यांसाठी आत कागदी पुडा असू द्यावा.

एक गोष्ट मांडणीइतकीच काळजीने करायची आहे. आता कितीतरी घरी सगळ्याच बायकांना, नवरा हयात असो वा नसो, सारख्याच मानाने बोलावतात, आणि ते तसंच व्हावं. मात्र काही जणींना स्वतःला कुंकू नको असतं. हे सगळ्यांसमोर खुर्चीत बसवून विचारायचं नाही. आमंत्रणाच्या फोनवरच हळूच विचारून घ्यावं आणि मदतनिशीला सांगून ठेवावं. अत्तर, फूल, तिळगूळ, ओटी, वाण यांत मात्र काहीही कमी-जास्त नको, आणि वेगळं तबकही नको.

बसायची सोय

चाळीस आमंत्रणं म्हणजे चाळीस जागा नव्हेत. गर्दीच्या तासात वीस जणी येणार आणि एक जण साधारण अर्धा तास बसणार, म्हणजे एका वेळी दहा. त्यावर चार धरून चौदा जागा पुरतात. सोफ्यावर पाच, खुर्च्या पाच आणि भिंतीशी गादी घालून चार. गादीवर तरुण मुली बसतात, वयस्कर बायकांना खाली बसून उठायला लावू नये, म्हणून दाराजवळच्या दोन खुर्च्या त्यांच्यासाठी राखाव्यात. खुर्च्या भिंतीला लावून इंग्रजी यू अक्षरासारख्या मांडल्या की मधून चहाचा किंवा मसाला दुधाचा ट्रे फिरतो. मधलं टीपॉय आतल्या खोलीत हलवावं. ते जागा तर खातंच, आणि पदरही त्याच्या कोपऱ्याला अडकतो.

चपलांसाठी दाराबाहेर एक जुनी सतरंजी अंथरावी आणि तिची कड उंबऱ्यापासून दोन फूट लांब ठेवावी. उंबऱ्यापाशीच चपला काढल्या गेल्या की दार अर्धंच उघडतं.

दिवसभराचं वेळापत्रक

आदल्या संध्याकाळी मागची साडी, टेबल, खुर्च्या लावून घ्यायच्या. मग स्वतः पाहुणीच्या खुर्चीत बसावं आणि मदतनिशीला समोर उभं करून एकदा रिकाम्या तबकाने सगळा क्रम करून बघावा. टेबल जरा लांब आहे, पिना पोचत नाहीत, गुलाबदाणी चुकीच्या बाजूला आहे हे तेव्हाच कळतं आणि दोन मिनिटांत दुरुस्त होतं. सकाळी झेंडू ओवायचे, बोरं-गाजर धुऊन वाळवायची, गुलाबदाणी साफ करायची. तीनला ऊस, चारला गुलाबाचे देठ, साडेचारला माळा, तबक आणि समई. देवाला हळदीकुंकू, तिळगूळ आणि पहिलं वाण द्यायचं आणि पाचला दार उघडायचं. साडेसहाच्या सुमारास एकदा कोयऱ्या बदलाव्यात. भरलेली दुसरी जोडी तयार असली की हळद-कुंकू मिसळलं तरी अडत नाही.

चैत्रागौरीच्या हळदीकुंकवाला हीच रचना चालते, फक्त साहित्य बदलतं. तेव्हा मोगरा भरात असतो, तिळगुळाच्या जागी आंबेडाळ आणि पन्हं येतं, गौर झोपाळ्यात बसते. ओटीला भिजवलेले हरभरे असतात, ते तासभर आधी उपसून पंचावर कोरडे करावे लागतात. पन्हं कोपऱ्यात न देता बैठकीतच द्यावं, एका हातात पेला आणि दुसऱ्या हातात ओटी असं झालं की पेला सांडतोच. आणि उन्हाळ्यात पंखा बंद ठेवता येत नाही, म्हणून तेव्हा कोयऱ्यांना झाकण हवंच.

शेवटची पाहुणी गेल्यावर सगळ्यात आधी समई शांत करावी, मग साडी उतरवावी. साडीवर कुंकू सांडलेलं असेल तर तिला पाणी लावायचं नाही. झटकून, मऊ कोरड्या ब्रशने काढायचं, पाणी लागलं की रंग धाग्यात मुरतो. लादीचंही तसंच: आधी कोरड्या केरसुणीने हळदीकुंकू पूर्ण झाडून घ्यायचं आणि मगच ओलं फडकं फिरवायचं. आधी फडकं मारलं तर पांढऱ्या लादीच्या सांध्यांमध्ये गुलाबी रेघा उमटतात आणि त्या आठ दिवस घासाव्या लागतात. माळांची फुलं सुटी करून दोरा वेगळा टाकावा, झेंडू झाडांच्या खतात जातो.